पोपड्याची मागची बाजू

कोकणात रंगाऱ्याला सगळ्यात जास्त बोलावणी श्रावणात येतात. गणपती तोंडावर असतात, चाकरमानी यायचे असतात, आणि नेमक्या गणपती बसतो त्या भिंतीवर पावसाने काळपट डाग उठवलेले असतात. मी रत्नागिरीत रंगकामाची कंत्राटं घेतो. त्या दिवसांत मला एकच प्रश्न ऐकू येतो, ‘ओलीला कुठल्या कंपनीचा रंग चांगला?’ दुकानात याचं उत्तर पटकन मिळतं, कारण तिथे समोर डबे असतात, भिंत नसते. मी भिंतीशी जातो, नखाने एक पोपडा सोलतो आणि उलटा करून बघतो.

पोपड्याच्या पाठीला सिमेंट-रेतीची भुकटी चिकटून आली असेल, तर रंगाची पकड चांगली होती पण खालचा गिलावाच मेला आहे. पाठीला पिठासारखी पांढरी पूड असेल तर तो लोणा, म्हणजे पाण्याबरोबर पृष्ठभागावर आलेले क्षार. लांबीचा जाडसर पापुद्राच निघून आला, तर लांबीने पाणी पिऊन पकड सोडली. आणि पाठ स्वच्छ, गुळगुळीत असून भिंतीवर जुना रंग तसाच शाबूत असेल, तर ओलीचा फारसा दोष नाही. धूळ न पुसता किंवा जुन्या तेलकट रंगावर पॉलिश पेपर न मारता कोणीतरी नवा हात चढवला आहे. समोरून चारही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून चौघांनाही एकच ‘वॉटरप्रूफ’ डबा विकला जातो.

ओलीचे वेगवेगळे प्रकार एकाच घरात भेटले ते एका निवृत्त शिक्षकांकडे. समुद्र जवळ. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गिलावा, त्यावर लांबी आणि वर दर दोन-तीन वर्षांनी बदललेला रंग. गुरुजींनी बिलं जपून ठेवली होती. त्यात साधं डिस्टेंपर होतं, मग इकॉनॉमी इमल्शन आलं, शेवटी चांगल्या कंपनीचं महागडं लक्झरी इमल्शन. गंमत अशी की डिस्टेंपर सगळ्यात जास्त टिकलं होतं आणि लक्झरी सगळ्यात कमी. गुरुजींना वाटत होतं, माल नकली निघाला. काकूंना वाटत होतं, रंगाऱ्याने पाणी जास्त घातलं. मला वाटलं, डबा आणि रंगारी बहुतेक दोघंही निर्दोष आहेत.

हॉल आणि माजघर यांच्यामधली भिंत सगळ्यात गमतीची होती. ती पूर्ण आतली, पावसाचा थेंब तिच्यावर पडत नाही, नळाची पाइपलाइन तिच्यातून जात नाही. तरी जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ओल, वर लाटेसारखी वाकडीतिकडी रेघ आणि त्या रेघेवर लोणा. जोत्यापाशी ओलरोधक थर नसला की जमिनीतलं पाणी भिंतीच्या बारीक छिद्रांमधून असं वर चढतं. त्याबरोबर क्षार चढतात, पाणी वाफ होऊन उडून जातं, क्षार मागे उरतात आणि स्फटिक होताना फुगून गिलावा फोडतात.

पण काकूंनी एक गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची होती. ‘अहो, पाऊस जोरात सुरू व्हायच्या आधीच ही भिंत काळी पडते. हवा नुसती दमट झाली की हिला घाम फुटतो.’ जमिनीतलं पाणी असं आठवड्याभरात वर येत नाही. मी गिलाव्याचा एक खडा जिभेला लावला. जुने गवंडी असंच करायचे. खारट लागला. या भिंतीच्या गिलाव्याला खाडीची रेती वापरली होती आणि ती धड धुतलेली नव्हती. मिठाचा गुणधर्म असा, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे या भिंतीला जमिनीतून पाणी मिळत होतंच, पण ते बंद केलं असतं तरी हवेतून मिळत राहिलं असतं.

अशा भिंतीवर आतून वॉटरप्रूफ प्रायमर मारला की काय होतं? पहिलं वर्ष उत्तम जातं. पाण्याला समोरून बाहेर पडायची वाट बंद झालेली असते, त्यामुळे ते वरच्या बाजूला सरकतं आणि पुढच्या पावसात ओलीची रेघ तीन फुटांवरून चार-साडेचार फुटांवर दिसते. खाली प्रायमरच्या मागे क्षार साठत राहतात आणि एक दिवस प्रायमर, लांबी, रंग असा सगळा ताव गिलाव्याच्या भुकटीसकट सुटतो. खाली टाइल्सची पट्टी लावली तरी हेच घडतं, ओल फक्त टाइलच्या वर जाते. गुरुजींचं लक्झरी इमल्शन लवकर पडलं त्याचं कारणही हेच. मॅट आणि स्वस्त रंगांत रंगद्रव्य आणि भरणी जास्त, बांधून ठेवणारं राळेसारखं बाइंडर कमी. त्यामुळे वाळलेल्या थरात सूक्ष्म छिद्रं राहतात आणि वाफ निघून जाते. जसजशी चमक वाढते तसतसं बाइंडर वाढतं आणि थर सलग कातड्यासारखा होतो. एशियन पेंट्सचा ट्रॅक्टर आणि रॉयल, बर्जरचा बायसन आणि सिल्क, नेरोलॅकचा ब्युटी आणि इम्प्रेशन्स, ड्युलक्सचा प्रॉमिस आणि वेल्व्हेट टच या जोड्यांत पहिल्यापेक्षा दुसरा महाग आणि जास्त धुता येणारा. कोरड्या भिंतीवर हा फरक पैसे वसूल करून देतो. खाऱ्या, ओल्या भिंतीवर मात्र तोच गुण उलटतो.

याहून वाईट चाल म्हणजे भिंतीच्या खालच्या चार फुटांना ऑइल पेंटचा पट्टा. जुन्या घरांत आणि शाळांत तो अजून दिसतो. सिमेंटचा गिलावा अल्कलीयुक्त असतो. ओल आली की ती अल्कली रंगातल्या तेलावर चढते आणि तेलाचा अक्षरशः साबण होतो. हात लावला की चिकट, पिवळट लागतं. कुठल्याही कंपनीचं एनॅमल याला अपवाद नाही.

गुरुजींच्या त्या भिंतीवर आम्ही रंगाआधी बरंच तोडफोडीचं काम केलं. ओलीच्या रेघेच्या वर आणखी दीड फूट मोजून तिथपर्यंतचा गिलावा चिऱ्यापर्यंत खरवडून काढला. चिऱ्यांच्या सांध्यांतला ठिसूळ माल पाऊण इंच खोल कोरला. लोणा कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाकला. इथे बहुतेक गवंडी पाणी मारून भिंत धुतात, आणि धुतलं की क्षार विरघळून परत आत शिरतात. मग ती उघडी भिंत मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत तशीच ठेवली. काकूंना हे आवडलं नाही. हॉलमध्ये चिरे दिसतायत, पाहुण्यांना काय सांगायचं? पण त्या उन्हाळ्याला पर्याय नव्हता. नंतर नदीच्या धुतलेल्या रेतीत एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा गिलावा केला. चुन्यामुळे तो मऊ आणि श्वास घेणारा राहतो, तडा लवकर जात नाही. लांबी अजिबात लावली नाही. पीओपी तर ओलीच्या भिंतीजवळ येऊच देऊ नये. जिप्सम पाण्याने मऊ पडतं.

त्यावर रंग दिला चुन्याचा. गुरुजी हसले. लक्झरी इमल्शनवरून चुन्यावर आलो म्हणाले. चुना वाफ अडवत नाही आणि त्याच्या तीव्र अल्कलीत बुरशी धरत नाही. दर दोन वर्षांनी एक हात पुन्हा द्यावा लागेल, कपड्याला थोडा लागेल, आणि डाग पुसता येणार नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं. भोकं पाडून जोत्यात रसायन भरायचा उपायही असतो. विटांच्या सरळ भिंतीत तो बरा चालतो. जांभ्यात छिद्रं आणि पोकळ्या इतक्या अनियमित असतात की रसायन सलग पसरलं की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून मी तो सुचवला नाही.

पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत वेगळी होती. तिथे रेघ नव्हती. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून सुरू होऊन तिरपे पसरत गेलेले डाग होते आणि ते झड आली की दोन दिवसांत उमटायचे, उघडीप मिळाली की फिके पडायचे. नैर्ऋत्येचा वारा पाऊस भिंतीवर आडवा मारतो. आमच्या आजोबांच्या काळात अशा भिंतीला पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापं बांधत, आणि ती कुठल्याही इमल्शनपेक्षा जास्त काम करत. आता झापं फारशी कोणी बांधत नाही. तेव्हा आधी बाहेरून गेलो. खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्ज्याच्या वरच्या अंगाला भिंतीशी पडलेली चीर आणि छज्ज्याच्या खाली पाणी तोडणारी खाच नसणं, हे तीन दोष निघाले. चिरा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरल्या, खाच पाडली, बाहेरून चिरा सांधणारा जाड लवचिक रंग दिला. पाणी ज्या अंगाने येतं त्या अंगाने अडवलं तर ते थराला भिंतीवर दाबतं. आतून अडवलं तर तेच पाणी थराला भिंतीपासून ढकलतं. त्यामुळे आतला वॉटरप्रूफ थर ही दुसरी फळी आहे, पहिली नव्हे.

आता आतला थर. बाजारात एशियन पेंट्सची स्मार्टकेअर, पिडिलाइटची डॉ. फिक्सिट, बर्जरची होमशील्ड, नेरोलॅकची पर्मा, ड्युलक्सची अॅक्वाटेक अशा मालिका आहेत आणि प्रत्येकीत आतल्या भिंतींसाठी काही ना काही आहे. ढोबळमानाने दोन जाती. एक, डब्यातून थेट मारायचे अॅक्रिलिक बेसकोट. स्मार्टकेअरचा हायड्रोलॉक किंवा डॅम्प शीथ या घरातले. दुसरी, सिमेंटची पावडर आणि पॉलिमरचं दूध एकत्र कालवून मारायचे दोन भागांचे लेप. अॅक्रिलिक सोपा, वासाला बरा, किरकोळ ओलीला पुरतो. पाण्याचा दाब पाठीमागून येत असेल, उदाहरणार्थ भिंतीच्या बाहेर मातीचा भराव टेकलेला असेल, तर सिमेंटचा लेप जास्त टिकतो, कारण तो वरून चिकटत नाही, गिलाव्यात रुजतो. गुरुजींच्या बेडरूमला बाहेरची दुरुस्ती झालेली असल्याने अॅक्रिलिक पुरेसा होता.

मग कंपनी कुठली? इथे मी गुरुजींना एक हिशेब करायला बसवलं, मास्तरच ते. दोन डबे समोर होते. एकावर लिहिलं होतं, लिटरला 40 चौरस फूट. दुसऱ्यावर, लिटरला 90 चौरस फूट. दुसरा थोडा महाग, पण दुपटीहून जास्त भिंत झाकतो म्हणजे स्वस्तच पडला, असं कोणालाही वाटेल. बारीक अक्षरात बघितलं तर 40चा आकडा दोन हातांचा मिळून होता आणि 90चा एका हाताचा. दुसऱ्यालाही दोन हात सांगितलेले होतेच. म्हणजे 40 विरुद्ध 45. फरक जवळजवळ संपला.

यापुढचा हिशेब आणखी उपयोगी आहे. एक लिटर रंग 10 चौरस मीटरवर, म्हणजे साधारण 108 चौरस फुटांवर सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी 100 मायक्रॉन होते. हे नुसतं भागाकाराचं गणित आहे, त्यात कंपनीचा संबंध नाही. म्हणजे लिटरला 40 चौरस फूट म्हटलं की ओला थर सुमारे 270 मायक्रॉन. त्यातलं पाणी उडून गेल्यावर काय उरतं ते आकारमानानुसार घनभाग किती टक्के यावर ठरतं. हा आकडा कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात बघावा, आणि नसेल तर दुकानदाराकडून मागवावा. 50 टक्के असेल तर 135 मायक्रॉनची कोरडी कातडी मिळते, 35 टक्के असेल तर 95ची. पाणी अडवते ती ही कोरडी जाडी. वॉटरप्रूफ लिहिलेला डबा लिटरला 120-130 चौरस फूट चालतो असं कोणी सांगत असेल, तर तो साधा प्रायमर आहे असं समजून त्याची किंमत ठरवावी. मी तरी कंपन्यांची तुलना अशीच करतो: लिटरचा भाव बाजूला ठेवायचा आणि सांगितलेली जाडी मिळवायला एका चौरस फुटाला किती पैसे पडतात ते काढायचं. असा हिशेब केला की मोठ्या कंपन्यांच्या एकाच पातळीवरच्या मालात फारसं अंतर राहत नाही.

बेडरूमची ती भिंत खिडकी वगळून 100 चौरस फूट होती. लिटरला 40 प्रमाणे अडीच लिटर, आणि लांबी खरवडल्यावर उघडा पडलेला गिलावा खरखरीत असल्याने अर्धा लिटर जास्त, एकूण तीन. मी तीन लिटर बादलीत मोजून रंगाऱ्यासमोर ठेवले आणि सांगितलं, हे याच भिंतीवर संपलं पाहिजे. त्याने मान हलवली, पण हात सवयीचा. त्याचं मन नेहमीच्या प्रायमरवर, तो लिटरभरात एवढी भिंत करून मोकळा होतो. ब्रश जड चालला की त्याचा हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. बेसकोटमध्ये कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त पाणी गेलं की भिंत झाकली जाते, दिसायला छान दिसते, थराची जाडी मात्र अर्धी होते, आणि हे डोळ्यांना कळत नाही. पाऊस आल्यावर कळतं. म्हणून डबा किती भिंतीवर संपला, एवढंच मी मोजतो. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ. हवा दमट असेल तर त्याहून जास्त.

आणि हे सगळं उघड्या गिलाव्यावर. या कामातली सगळ्यात मोठी चोरी इथे होते. जुना रंग आणि लांबी खरवडायला दिवस जातात, धूळ उडते, मजुरी लागते. म्हणून जुन्या लांबीवरच बेसकोट मारून देतात. लांबी आधीच भिंत सोडायच्या बेतात असते. तिच्यावर कितीही चांगली कातडी चढवली तरी ती लांबीसकटच खाली येते. क्रम असा: गिलावा, बेसकोटचे दोन हात, त्यावर बेसकोटच्या कंपनीने चालते म्हणून सांगितलेली लांबी, मग साधा पाण्याचा प्रायमर, मग इमल्शन. गिलावा कोरडा झाला की नाही हे बघायला दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी प्लास्टिकच्या आत दव नव्हतं, भिंतीचा रंग गडद झालेला नव्हता, तेव्हा काम सुरू केलं. सुईचा ओलमापक माझ्याकडे आहे, पण खाऱ्या भिंतीवर तो कोरड्या जागेलाही ओली सांगतो, कारण क्षारांमधून वीज सहज वाहते. त्याचा आकडा मी त्याच घरातल्या चांगल्या भिंतीशी ताडूनच बघतो. इथे वरचं इमल्शन मात्र मी सॅटिनकडे झुकणारं, मध्यम दर्जाचं घेऊ दिलं. पाणी बाहेरून अडलेलं होतं, क्षार नव्हते, धुता येणारा रंग काकूंना हवा होता. फक्त एक सांगितलं, चमक जितकी जास्त तितके गिलाव्याचे उंचसखल भाग आणि दुरुस्तीची ठिगळं उठून दिसतात.

तिसरी जागा कपाटामागची. काळी बुरशी, ठिपक्या-ठिपक्यांची, ना लोणा ना पोपडे. अॅल्युमिनियमची चांदी भिंतीला चिकटवून ठेवली. ओल भिंतीकडच्या बाजूला नव्हे, खोलीकडच्या बाजूला आली. म्हणजे दोष हवेचा. कपाट चार बोटं पुढे ओढलं, बुरशीवर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटांनी धुतलं (ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नये, विषारी वायू निघतो), वाळल्यावर बुरशीरोधक इमल्शनचे दोन हात. इथे वॉटरप्रूफ प्रायमरला काहीच काम नव्हतं. तरी आधीच्या कंत्राटदाराने तो लावला होता आणि त्याचे पैसे घेतले होते.

पुढच्या पावसात बेडरूम कोरडी राहिली. हॉलची भिंत पहिल्या पावसाळ्यात खालून अर्धा फूट गडद झाली, दिवाळीपर्यंत पुन्हा उजळली, पोपडे आले नाहीत. गुरुजींना ते डाग खटकतात. त्या भिंतीकडून याहून जास्त अपेक्षा करता येणार नाही, हे मी त्यांना कामाच्या आधी सांगितलं होतं.

वाचकांना एक विनंती आहे. ओलीच्या खोलीसाठी कोटेशन घेताना फुटाचा दर विचाराच, पण त्याच कागदावर तीन गोष्टी लिहून मागा: जुना थर कुठपर्यंत खरवडणार, बेसकोट कुठला आणि या भिंतीला किती लिटर, आणि पाणी कुठून येतंय असं तुमचं मत आहे. तिसऱ्या प्रश्नाला जो माणूस कंपनीचं नाव सांगेल, त्याला काम देऊ नका.